आरडीचे हप्ते थकले तर दंड किती लागतो आणि शेवटी हातात किती येतं

आमच्या शेजारच्या काकींनी मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पोस्टात २,५५० रुपये भरले आणि घरी येऊन पासबुक माझ्यापुढे ठेवलं. "पाहा व माय, मी साडेपंचवीसशे देल्ले अन् यानं पंचवीसशेच मांडले. पन्नास रुपये कुठं गेले?" आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. बचत गटाचा हिशोब मी लिहिते, त्यामुळे कोणाच्या पासबुकात काही कळलं नाही की ते माझ्याकडे येतं. काकींचे पन्नास रुपये कुठेही गेले नव्हते. चार महिने हप्ता थकला होता, त्याचा तो दंड होता. तो कसा मोजला आणि पुढे काय होणार, हे मी त्यांना त्या दिवशी कागदावर मांडून दाखवलं. पोस्टात नव्याने आरडी काढणाऱ्यांसाठी तेच इथे सविस्तर लिहिते.

खातं कसं चालतं, ते आधी थोडक्यात

पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणजे महिन्याला एक याप्रमाणे साठ हप्ते. हप्ता कमीत कमी १०० रुपयांचा, त्यापुढे दहाच्या पटीत कितीही. खातं उघडताना जो हप्ता ठरतो तोच शेवटपर्यंत राहतो. मधेच पाचशेचा तीनशे करून मिळत नाही. व्याजाचा दरही उघडण्याच्या दिवशी जो असेल तोच पाच वर्षं लागू राहतो, नंतर सरकारने दर बदलला तरी जुन्या खात्याला फरक पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा दर वर्षाला ६.७ टक्के झाला, आणि व्याजाची चक्रवाढ दर तीन महिन्यांनी धरली जाते.

काकींचं खातं ५ जानेवारी २०२४ ला उघडलेलं, हप्ता ५०० रुपये. साठही हप्ते भरले तर त्या एकूण ३०,००० रुपये भरतील आणि जानेवारी २०२९ मध्ये त्यांना ३५,६८३ रुपये मिळतील. म्हणजे व्याज ५,६८३ रुपये. आपला हप्ता वेगळा असेल तर हिशोब सोपा आहे. शंभराच्या हप्त्याला पाच वर्षांनी साधारण ७,१३७ रुपये येतात, त्याला आपल्या हप्त्यातल्या शेकड्यांनी गुणायचं.

हे दोन आकडे, ३०,००० आणि ३५,६८३, लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यांच्याशीच ताडून पाहायचा आहे.

पहिलं काम: आपली तारीख शोधा

पासबुकाच्या पहिल्या पानावर खातं उघडल्याची तारीख असते. खातं महिन्याच्या १ ते १५ तारखेच्या आत उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा. १६ किंवा त्यानंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुभा असते.

ही बारीक गोष्ट पुष्कळांना कोणी सांगतच नाही. शेजारणीचा हप्ता २८ तारखेला बिनदंड घेतला, मग माझाच का थकीत दाखवला, असा वाद काउंटरवर मी स्वतः ऐकला आहे. दोघींचंही बरोबर होतं. एकीचं खातं ७ तारखेचं होतं आणि दुसरीचं २१ चं. म्हणून नवीन खातं काढणाऱ्यांना मी सांगते, घरात पैसा महिन्याच्या उत्तरार्धात येत असेल तर खातं १६ नंतरच उघडा. पाच वर्षं त्या पंधरा दिवसांची सवड मिळते.

काकींचं खातं ५ तारखेचं, म्हणून त्यांची सीमा १५ तारीख. १५ ओलांडली की त्या महिन्याचा हप्ता थकीत.

दुसरं काम: दंड मोजा

नियम एका ओळीचा आहे. दर शंभर रुपयांच्या हप्त्याला, थकलेल्या दर महिन्यामागे एक रुपया. पाचशेच्या हप्त्याला म्हणजे महिन्याला पाच रुपये. पावतीवर किंवा पडद्यावर याला डिफॉल्ट फी म्हटलेलं दिसेल. आपण बोलताना दंड म्हणतो.

फसगत होते ती "थकलेल्या दर महिन्यामागे" या शब्दांपाशी. चार हप्ते थकले म्हणजे चार गुणिले पाच, वीस रुपये, असं बहुतेकांना वाटतं. काकींनाही तसंच वाटलं होतं. पण प्रत्येक हप्ता किती महिने थकून राहिला, ते वेगवेगळं मोजतात. जूनचा हप्ता चार महिने पडून राहिला असेल तर त्याला चार महिन्यांचा दंड, जुलैच्या हप्त्याला तीन महिन्यांचा.

काकींचं असं झालं. २०२५ च्या मे महिन्यापर्यंत त्यांचे सतरा हप्ते वेळेवर गेले होते. जूनमध्ये बियाणं आणि खत आलं. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा नातवंडांची वह्या-पुस्तकं आली. मग डवरणी-निंदणाची मजुरी, फवारणी, पोळा. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चार हप्ते राहिले. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाल्यावर त्या १० तारखेला पोस्टात गेल्या. त्यांच्यासाठी मी कागदावर लिहिलेला हिशोब हा:

जूनचा हप्ता ४ महिने थकला, दंड २० रुपये
जुलैचा ३ महिने, १५ रुपये
ऑगस्टचा २ महिने, १० रुपये
सप्टेंबरचा १ महिना, ५ रुपये

एकूण दंड ५० रुपये. थकलेले चार हप्ते २,००० रुपये, ऑक्टोबरचा चालू हप्ता ५०० आणि दंड ५०, मिळून २,५५०. ऑक्टोबरची १५ तारीख अजून यायची होती, म्हणून चालू हप्त्याला दंड नव्हता.

तोंडी हिशोबासाठी मी बायकांना चार आकडे पाठ करायला लावते: एक, तीन, सहा, दहा. शंभराच्या हप्त्याला एक महिना थकला तर १ रुपया, दोन थकले तर ३, तीन थकले तर ६ आणि चार थकले तर १० रुपये. आपला हप्ता तीनशेचा असेल तर तीनने गुणा, पाचशेचा असेल तर पाचने. काउंटरवर जाण्याआधी एवढं घरी करून गेलात तर सुट्टे पैसे तयार राहतात आणि मागितलेली रक्कम बरोबर आहे की नाही तेही लगेच कळतं.

यात थेंबाथेंबाने वाढणारी गोष्ट दिसते ना? दुसऱ्या महिन्यात दंड दुप्पट होत नाही, तिप्पट होतो. चौथ्या महिन्यात पहिल्याच्या दहापट. म्हणून चार हप्ते भरण्याएवढे पैसे हातात येईपर्यंत थांबू नका. मधे कधी पाचशे-सहाशे रुपये मोकळे झाले तर एक जुना हप्ता तरी भरून टाका. पोस्टात आधी जुना थकलेला हप्ता दंडासह घेतात, चालू महिन्याचा त्यानंतर. त्यामुळे काकींनी ऑगस्टच्या १५ च्या आत ५१० रुपये भरले असते तर जूनचा हप्ता निकाली निघाला असता, दंडही कमी झाला असता, आणि सगळ्यात मोठं म्हणजे थकलेल्या हप्त्यांची संख्या चारवर गेली नसती. चार या आकड्याचं महत्त्व पुढे सांगते.

दंड भरल्यावर शेवटची रक्कम किती कमी होते?

काही कमी होत नाही. काकींना हेच पटत नव्हतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्या कोणालाही पटायला वेळ लागतो.

थकलेले सगळे हप्ते दंडासह भरले की खातं असं धरलं जातं जणू हप्ते वेळेवरच आले होते. साठ हप्ते पुरे झाले की जानेवारी २०२९ मध्ये काकींना ३५,६८३ रुपयेच मिळतील. दंडाचे पन्नास रुपये मात्र त्यांच्या खात्यात जात नाहीत, त्यावर व्याजही मिळत नाही, ते सरकारजमा होतात. म्हणून पासबुकात २,५०० ची नोंद झाली आणि शिल्लक ११,००० दिसली, ११,०५० नाही. बावीस हप्ते गुणिले पाचशे, बरोबर ११,०००. पासबुक तपासण्याची हीच सोपी रीत आहे. शिल्लक ही नेहमी भरलेले हप्ते गुणिले हप्त्याची रक्कम इतकी असली पाहिजे. तशी नसेल तर कुठेतरी एखादा हप्ता नोंदायचा राहिला आहे.

आता हा दंड महाग की स्वस्त, तेही पाहू. शंभराला महिन्याला एक रुपया म्हणजे वर्षाला बारा टक्के. खात्यावर व्याज ६.७ टक्के मिळतं. म्हणजे उशिरा भरलेल्या पैशावर पोस्ट आपल्याला व्याज वेळेवर भरल्यासारखंच देतं आणि त्या बदल्यात बारा टक्क्यांनी दंड घेतं. काकींचे चार हप्ते मिळून जेवढा उशीर झाला, तेवढ्या दिवसांचं व्याज साधारण २८ रुपये होतं. दंड भरला ५०. खरा तोटा बावीस-तेवीस रुपयांचा.

हे मी एवढं फोडून सांगते, कारण दंडाच्या धास्तीने उसने पैसे काढून हप्ता भरणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. गावात खाजगी पैसा शेकडा तीन रुपयांनी मिळतो, कधी पाचनेही. शंभराला एक रुपया वाचवण्यासाठी शंभराला तीन रुपये मोजणं हा सरळसरळ घाट्याचा सौदा आहे. त्यापेक्षा हप्ता थकू द्या आणि पीक आल्यावर दंड भरा. फक्त चारची मर्यादा सांभाळा.

चौथा हप्ता चुकला की घड्याळ सुरू होतं

लागोपाठ चार हप्ते थकले की पोस्टाच्या भाषेत खातं खंडित होतं. ते पुन्हा चालू करायला चौथ्या चुकीपासून दोन महिने मिळतात. या दोन महिन्यांत सगळी थकबाकी दंडासह भरली तर खातं पूर्वीसारखं चालू. नाही भरली तर त्या खात्यात पुढे एकही हप्ता घेत नाहीत. कितीही दंड द्यायची तयारी दाखवली तरी घेत नाहीत.

काकींचा चौथा हप्ता १५ सप्टेंबरला चुकला. म्हणजे त्यांची शेवटची संधी १५ नोव्हेंबर. समजा त्या ऑक्टोबरमध्ये गेल्या नसत्या आणि १० नोव्हेंबरला गेल्या असत्या, तर जून ते ऑक्टोबर असे पाच हप्ते थकलेले. दंडाच्या महिन्यांची बेरीज पाच, चार, तीन, दोन, एक म्हणजे पंधरा, आणि पाचने गुणून ७५ रुपये. हप्त्यांचे २,५०० आणि नोव्हेंबरचे ५०० धरून ३,०७५ रुपये लागले असते. तरीही मुदतीनंतरची रक्कम ३५,६८३ च राहिली असती.

आता आपल्या कापसाचा विचार करा. सीतादही करून पहिला वेचा घरात येतो, तो विकून पैसा हातात पडायला नोव्हेंबर उजाडतो, आणि कधी पाऊस लांबला तर डिसेंबर. जूनपासून थकलेल्या खात्याची सीमा नोव्हेंबरच्या मध्यावर संपते. कोरडवाहू कपाशीच्या घरात आरडी बंद पडते ती नेमकी इथेच, पंधरा-वीस दिवसांच्या फरकाने. आमच्या गटातली निदान तीन खाती अशीच गेली, आणि तिन्ही वेळा घरात कापूस होता, फक्त विकायचा होता. म्हणून सप्टेंबरचा हप्ता चुकला की त्याच दिवशी दिनदर्शिकेवर दोन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा. सोयाबीनचं पोतं विकून, मजुरीचे पैसे बाजूला काढून, कसंही करून त्याआधी थकबाकी भरा. इथे मात्र आठ-दहा दिवसांसाठी घरातल्याच कोणाकडून हातउसने घेतले तरी चालतील.

खातं कायमचं बंद पडलं तर काय? काकींचे सतराच हप्ते भरलेले असते, ८,५०० रुपये. उरलेले त्रेचाळीस हप्ते भरताच येणार नाहीत, त्यामुळे ३५,६८३ ची गोष्टच संपली. आणि ते ८,५०० रुपये लगेच काढताही येत नाहीत. खातं उघडल्यापासून तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे काकींच्या बाबतीत जानेवारी २०२७ च्या आधी, आरडी मुदतीपूर्वी बंद करता येत नाही. आणि तेव्हा बंद केली तर व्याज ६.७ टक्क्यांनी नाही, साध्या बचत खात्याच्या ४ टक्क्यांनी मिळतं. त्या हिशोबाने ८,५०० वर व्याज साधारण आठशे रुपये.

हा चार टक्क्यांचा नियम चालू खात्यालाही आहे. सगळे हप्ते वेळेवर भरले आणि मुदतीच्या एक दिवस आधी जरी खातं बंद केलं, तरी पूर्ण काळाचं व्याज बचत खात्याच्या दरानेच. पाचशेच्या हप्त्यावर तो फरक अडीच हजारांच्या आसपास जातो. काकींचा पाच वर्षांतला सगळा दंड जोडला तरी त्याच्या जवळपास जाणार नाही. पैशाची फार अडचण असेल तर खातं मोडण्याआधी कर्जाचं विचारा. बारा हप्ते भरून वर्ष झालं असेल आणि खातं खंडित नसेल, तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. म्हणजे काकींना ८.७ टक्क्यांनी. फेडलं नाही तर ते व्याजासह शेवटच्या रकमेतून वळतं करून घेतात.

आणखी एक वाट नियमात आहे. थकलेले हप्ते चारपेक्षा जास्त नसतील तर जितके हप्ते चुकले तितके महिने मुदत पुढे ढकलून घेता येते, आणि राहिलेले हप्ते त्या वाढीव महिन्यांत भरता येतात. काकींनी ती धरली असती तर पैसे जानेवारीऐवजी मे २०२९ मध्ये मिळाले असते. ज्यांच्या घरी लग्नकार्यासाठी ठरावीक महिन्यात रक्कम हवी आहे त्यांच्या हे उपयोगाचं नाही. घ्यायची असेल तर आधी डाकपालांशी बोलून लेखी अर्ज द्या, मनाशीच ठरवून हप्ते थांबवू नका.

पैसे भरले त्या दिवशीच पाहायच्या गोष्टी

काउंटरवर किंवा गावच्या शाखा डाकघरात पैसे दिले की पावतीवर किती हप्ते, कोणत्या महिन्यापर्यंत आणि दंड किती, हे तिथेच उभं राहून वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला सोबत न्या. घरी आल्यावर चूक सापडली तर पुढच्या चकरेचं एसटीचं भाडं दंडापेक्षा जास्त होतं.

प्रतिनिधीमार्फत हप्ता देत असाल तर जास्तच लक्ष ठेवा. घरोघर फिरून हप्ते गोळा करणाऱ्या या बहुतेक बायाच असतात, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतून नेमलेल्या. त्यांचं कमिशन सरकार देतं, आपल्याकडून वेगळं काही द्यायचं नसतं. आपण पैसे दिले की त्या आपल्याजवळच्या कार्डावर रक्कम लिहून सही करतात. पण कार्डावरची तारीख म्हणजे पोस्टात पैसे पोचल्याची तारीख नव्हे. माझ्या स्वतःच्या खात्यात हे घडलं आहे. मी १२ तारखेला प्रतिनिधीच्या हातात पैसे दिले, कार्डावर १२ चीच सही झाली, आणि पासबुक भरून आणलं तेव्हा नोंद १९ ची होती. सात दिवस पैसे तिच्या पिशवीत होते आणि दंड माझ्या हप्त्याला लागला. रक्कम दहा रुपयांची होती, पण पुढच्या महिन्यातही तेच झालं तेव्हा मी कार्ड आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून तिला दाखवलं. त्यानंतर मी ५ तारखेच्या आतच पैसे देते आणि दर दोन महिन्यांनी पासबुक भरून आणते. कार्डावर सगळं बरोबर आहे म्हणून वर्षभर पासबुक न पाहणं सगळ्यात धोक्याचं, कारण चार हप्ते थकल्याचं आपल्याला कळेपर्यंत ते दोन महिनेही निघून गेलेले असतात.

बँकेतली आरडी असेल तर हेच आकडे लावू नका. प्रत्येक बँकेचा दंड वेगळा असतो. स्टेट बँकेत पाच वर्षांपर्यंतच्या खात्याला शंभरामागे महिन्याला दीड रुपया लागतो, पोस्टापेक्षा अर्धा रुपया जास्त. खातं उघडतानाच दंड किती आणि किती हप्ते चुकले की खातं बंद करतात, हे दोन प्रश्न विचारा.

पुढच्या वर्षी दंडच लागू नये म्हणून

आपला पैसा दर महिन्याला सारखा येत नाही, हप्ता मात्र सारखा जातो. हा मेळ घालायची सोय पोस्टानेच ठेवली आहे आणि आमच्याकडे ती फार कमी जण वापरतात: आगाऊ हप्ते. चालू महिना धरून सहा हप्ते एकदम भरले तर शंभराच्या हप्त्यामागे १० रुपये सूट मिळते, बारा भरले तर ४० रुपये. पाचशेच्या हप्त्याला म्हणजे ५० आणि २०० रुपये.

कापूस विकून जानेवारीत एकदम सहा हजार बाजूला काढता आले तर बारा हप्ते भरावेत. ५,८०० रुपये द्यायचे, वर्षभराची चिंता नाही. पण एवढे पैसे कोणाजवळ सुटतात? मला जास्त कामाची वाटते ती एप्रिलची वाट. फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर आणि हरभरा विकला जातो. त्यातले तीन हजार एप्रिलच्या १५ च्या आत पोस्टात नेले तर एप्रिल ते सप्टेंबर असे सहा हप्ते भरले जातात. तंगीचे नेमके तेच चार महिने त्यात येतात. ऑक्टोबरचा हप्ता सोयाबीनवर निघतो. जिथे वर्षाला पन्नास रुपये दंड जात होता तिथे पन्नास रुपये सूट मिळते, आणि शेवटची रक्कम दोन्हीकडे तीच. एक अट ध्यानात ठेवा: आगाऊ भरलेले महिने संपेपर्यंत खातं मुदतीपूर्वी मोडता येत नाही. म्हणून घरात दवाखान्याची शक्यता असेल तर सगळी पुंजी यात टाकू नका.

नवीन खातं काढणाऱ्यांना आणखी एक सांगते. पाचशेचं एकच खातं काढण्याऐवजी तीनशेचं एक आणि दोनशेचं एक अशी दोन काढा. पोस्टात आरडी कितीही काढता येतात. दंडाचा दर तोच राहतो, पण पावसाळ्यात दोनशे रुपये जमवणं पाचशे जमवण्याइतकं कठीण नसतं. तंगीत एक खातं थकलं तरी दुसरं वेळेवर चालू राहतं, आणि वाईटात वाईट झालं तरी दोन्ही एकदम खंडित होत नाहीत. काकींना हे उशिरा सांगितलं, त्यांचं खातं तर उघडून झालं होतं.

एप्रिलची गोष्ट मात्र त्यांना वेळेत सांगता आली. यंदा हरभरा विकल्यावर ७ तारखेला आम्ही दोघी पोस्टात गेलो. त्यांनी २,९५० रुपये मोजून दिले. पासबुक हातात आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून आकडा वाचला. तीन हजारांची नोंद होती, शिल्लक १६,५००, तेहेतीस हप्ते. "आता पन्नास त्याहीनं टाकले?" असं विचारून त्यांनी पासबुक पिशवीत नीट गुंडाळून ठेवलं.